शिट्टी, घाम आणि नळीतला थेंब : आईच्या श्रवणयंत्रांच्या नोंदी

२ जून

आईची दोन्ही यंत्रं कानामागे बसणारी आहेत. वर मशीन, त्याला अर्धगोल हुक, हुकावर चढवलेली पारदर्शक नळी आणि नळीच्या टोकाला तिच्या कानाच्या मापाने बनवलेला मोल्ड. घेऊन चौदा महिने झाले. सेल १३ नंबरचे, नारिंगी पट्टीवाले. आवाजाचं चाक १ ते ४, आणि ऑडिऑलॉजिस्ट मॅडमनी दोन्ही कानांना २ वर ठेवायला सांगितलं आहे.

हवा दमट झाल्यापासून, म्हणजे साधारण आठ दिवस, दोन तक्रारी आहेत. उजवं यंत्र शिट्टी मारतं, आणि सकाळी उशिरा आवाज बसतो. घरात सगळ्यांनी एकच निदान केलं, "ओल गेली असणार आत." मलाही तसंच वाटतं, पण नुसत्या वाटण्यावर मशीन दुरुस्तीला पाठवायचं नाही. एकदा दिलं की चार-सहा दिवस आई जवळजवळ ऐकण्याशिवाय राहते.

म्हणून वही उघडली. शिट्टी किती वाजता झाली, आई काय करत होती, चाक कितीवर होतं, खोलीतली आर्द्रता किती, एवढं लिहायचं. आर्द्रतामापक छोटा, खिशात मावेल एवढा आहे.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी लक्षात आली. शिट्टीची वेळ आईला सांगता येत नाही. ती म्हणाली, "मला कुठे ऐकू येते ती? तुम्ही तोंड वाकडं करता तेव्हा कळतं." तिचं ऐकणं बारीक, चिरक्या आवाजांतच जास्त कमी झालंय आणि शिट्टी नेमकी त्याच पट्टीत असते. त्यामुळे शिट्टीचे रकाने आम्हीच भरायचे आणि आवाज बसल्याचे तिने.

३ जून

आज बोटाची परीक्षा घेतली.

आधी शिट्टी का होते ते नोंदवून ठेवते, म्हणजे परीक्षेचा अर्थ लागेल. मशीन माईकमधून आवाज घेतं, वाढवतं आणि नळीतून कानात सोडतं. त्यातला थोडा मोल्डच्या कडेने बाहेर निसटतो आणि परत माईकपर्यंत पोचतो. समजा मशीन एखादा आवाज ५० डेसिबलने वाढवतंय आणि बाहेर निसटून माईकपर्यंत येताना तो ६० डेसिबलने उतरतोय. मग काही बिघडत नाही, फेरी तिथेच विरते. पण फट वाढली आणि तोच आवाज ४५ डेसिबलनेच उतरू लागला, तर प्रत्येक फेरीला ५ डेसिबल शिल्लक राहतात आणि आवाज स्वतःवरच चढत जातो. तीच शिट्टी. म्हणजे तिला दोनच बाजू आहेत : गळती वाढली किंवा वाढवणं वाढलं. नव्या यंत्रांत शिट्टी ओळखून ती कापणारी सोय असते, आईच्याही आहे, पण गळती एका हद्दीपलीकडे गेली की तिचंही चालत नाही.

परीक्षा अशी. मशीन चालू करून मूठ अर्धवट मिटून आत धरलं. शिट्टी झाली. ही व्हायलाच हवी, कारण मोल्डचं तोंड आणि माईक एकाच मुठीत आहेत. मग मोल्डचं आतलं तोंड आणि शेजारचं हवेचं बारीक छिद्र, दोन्ही बोटाने घट्ट दाबली. शिट्टी थांबली. याचा अर्थ मशीन, हुक आणि नळी यांत कुठे गळती नाही. आवाज निसटतोय तो मोल्ड आणि कान यांच्यामधून, किंवा कानातच काहीतरी आहे.

बोट दाबूनही शिट्टी चालूच राहिली असती, तर नळी हुकापासून सुटी करून हुकाच्या टोकावर बोट ठेवायचं. तिथे थांबली तर दोष नळीत, तरीही चालू राहिली तर हुकात किंवा मशीनच्या पोटात, आणि तो घरी हात लावायचा विषय नाही.

मग मोल्ड कानात बसवला. आई एकटीने बसवते तेव्हा वरचं टोक कानाच्या वरच्या घडीत शिरतच नाही, बाहेर फुगून राहतं. कान वर आणि मागे ओढून मोल्ड किंचित फिरवत आत सारला, तेव्हा बसला. शिट्टी कमी झाली, पण जबडा हलला की चिर्र आवाज होताच. आणि चाक २ वर नव्हतं, जवळपास ३ वर होतं. विचारलं तर म्हणाली, "मी नाही हलवलं." ही नोंद सध्या नुसती करून ठेवते.

४ जून

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. उजव्या कानात मळाचा बोळा होता, डावा स्वच्छ. त्यांनी काढून दिला. नळीतून निघालेला आवाज पुढे पडद्याकडे जाण्याऐवजी मळावर आपटून मागे फिरतो आणि फटीतून बाहेर येतो, त्यामुळे नीट बसलेल्या मोल्डलाही शिट्टी होते. आईने मध्यंतरी कापसाच्या काडीने कान साफ केला होता. काडीने थोडा मळ निघतो आणि बाकीचा आत ठासला जातो. काड्या घरातून काढून टाकल्या.

संध्याकाळी शिट्टी निम्म्याने कमी. संपली मात्र नाही.

७ जून

तीन दिवसांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. आवाज बसण्याची वेळ तिन्ही दिवशी दहा ते अकराच्या दरम्यान. तिन्ही दिवशी आई सकाळी फिरून आलेली, घाम आलेला, आणि आल्यावर पंख्याखाली बसलेली. खोलीतली आर्द्रता ८१, ८४, ८२ टक्के. तासाभराने आवाज आपोआप थोडा सुधारतो.

आज आवाज बसल्याबरोबर यंत्र काढायला लावलं आणि नळी उजेडाकडे धरली. उजव्या नळीत, वळणाच्या जरा खाली, पाण्याचा थेंब. नळी आतून जेमतेम दोन मिलिमीटर, त्यामुळे एक थेंब पडद्यासारखा आडवा बसतो आणि आवाज अडवतो. आई म्हणते, "सगळे पाण्यातून बोलल्यासारखे." किती नेमकं सांगितलं तिने.

हा घाम नव्हे. घाम नळीच्या आत शिरायला वाट नाही, ती एका बाजूने मोल्डमध्ये आणि दुसऱ्या बाजूने हुकावर घट्ट बसलेली असते. हे कानातल्या वाफेचं पाणी आहे. कानाच्या नळीतली हवा उबदार आणि ओलसर, ती मोल्डमधून वर नळीत चढते. आई पंख्याखाली बसली की बाहेरून नळी थंड होते आणि वाफ आतल्या भिंतीवर जमते. कोरड्या दिवसांत ती हळूहळू उडून जाते. दमट दिवसांत उडायला फार वेळ लागतो, म्हणून थेंब होतो.

उपाय सोपा होता. नळी हुकाजवळ धरून मशीनपासून सुटी केली, रबरी फुग्याच्या पंपाचं टोक नळीत घालून दोनदा दाबलं, थेंब मोल्डच्या तोंडातून उडाला. मशीन जोडलेलं असताना पंप वापरायचा नाही, पाणी आणि हवेचा दाब थेट रिसीव्हरवर, म्हणजे मशीनमधल्या आवाज सोडणाऱ्या भागावर, जातो. तोंडाने फुंकायचं तर मुळीच नाही, फुंकरीत वाफच असते.

८ जून

आज कोडं उलगडलं. दुपारी तीनला खणखणीत शिट्टी. चाक बघितलं तर ३ वर.

आई खोटं बोलत नव्हती. सकाळी आवाज बसतो तेव्हा तिचा हात कानामागे जातो आणि बोट चाकावरून फिरतं. डोळ्याला न दिसणाऱ्या चाकाला ती "हलवणं" म्हणत नाही, "जरा नीट करणं" म्हणते. थेंबामुळे आवाज दबलेला असतो म्हणून ३ वरही तिला बरं वाटतं. मग थेंब वाळतो, वाट मोकळी होते, चाक मात्र ३ वरच राहतं. मशीन आता ठरल्यापेक्षा बरंच जास्त वाढवतंय आणि मोल्डची तीच जुनी, एरवी चालून गेलेली फट आता पुरते शिट्टीला.

म्हणजे ओलीने शिट्टी होत नाही. ओलीने आवाज बसतो, बसलेल्या आवाजावर चाक चढतं आणि ओल गेल्यावर शिट्टी होते. आम्ही शिट्टीच्या वेळी ओल शोधत होतो, ती तेव्हा निघून गेलेली असायची.

वरचेवर चाक खाली करणं हा उपाय नाही, तसं केलं तर सकाळी ती ऐकणारच नाही. थेंब जमू द्यायचा नाही, आणि जमला तर काढायचा. फिरून आल्यावर पंख्याखाली बसण्याआधी नळी बघायची, असं ठरलं. चाकावर २ च्या जागी नखाला लागेल असा ठिपका करून घ्यायचाय, मॅडमना विचारते.

१० जून

रोजची साफसफाई आता पक्की केली. आधी आम्ही रात्री सगळं एकदम करायचो. आता कामं रात्री आणि सकाळ अशी वाटली आहेत, आणि त्याला कारण आहे.

रात्री यंत्र काढल्याबरोबर पहिलं काम पुसणं. मऊ, कोरडं, धुतलेलं कापड. मशीनची पाठ, कानाला टेकणारी बाजू, सेलच्या दाराची खाच, हुकाचा सांधा. हे सुकवायला ठेवण्याच्या आधीच व्हायला हवं, कारण घाम म्हणजे नुसतं पाणी नाही. सुकवणीच्या डबीत पाणी उडून जातं, मीठ आणि तेलकटपणा जागच्या जागी राहतो. ते मीठ दुसऱ्या दिवशी हवेतली ओल पुन्हा ओढून घेतं. न पुसता सुकवलं तर रोज थोडं थोडं मीठ आपणच साठवत असतो.

मग सेलचं दार उघडायचं, सेल काढून सुक्या फडक्याने पुसून बाहेर ठेवायचा, दार उघडंच ठेवून मशीन डबीत.

मोल्डवरचा मळ मात्र सकाळी काढायचा. रात्री तो मऊ, चिकट असतो, ब्रश लावला की छिद्रात आणखी पसरतो. रात्रभरात वाळला की सकाळी ब्रशने खपली निघाल्यासारखा निघतो. ब्रश मारताना मोल्डचं तोंड जमिनीकडे करायचं, म्हणजे निघालेला कण खाली पडतो, आत जात नाही. हवेच्या छिद्रातून बारीक तार एकदा आरपार. माईकच्या फटींवर वरून हलका ब्रश, तार किंवा सुई तिथे कधीच नाही. ब्रश मोल्डला वेगळा आणि माईकला वेगळा, नाहीतर मोल्डवरचा मळ आपणच माईकवर नेऊन ठेवतो.

आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री, मोल्ड धुवायचे. नळी आणि हुक यांच्या सांध्याजवळ दोन्हीकडे चिमटीत धरून, जरा पिळा देत नळी काढायची. मोल्ड धरून ओढलं तर नळी मोल्डमधून निसटते. मशीन दुसऱ्या खोलीत ठेवायचं, ओल्या हाताजवळही नको. मोल्ड आणि नळी कोमट पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून धुवायची, साध्या पाण्याने खळबळायची, पंपाने नळी फुंकायची आणि रात्रभर उघड्यावर सुकू द्यायची. स्पिरिट नाही, त्याने नळी आणि मोल्ड दोन्ही कडक होतात. जोडताना मोल्डचा बाक आणि मशीनचा बाक एकाच दिशेला आला पाहिजे. मशीनवर लाल खूण उजव्याची, निळी डाव्याची.

पहिल्या धुण्यात माझी चूक झाली. नळी वरून कोरडी दिसली म्हणून दोन तासांत जोडली. सकाळी उजव्याचा आवाजच नाही. नळी मोल्डमध्ये जिथे शिरते तिथल्या कोपऱ्यात पाणी होतं. नशिबाने ते मशीनकडे चढलं नव्हतं. आता रात्रभर म्हणजे रात्रभर.

१४ जून

डबीची तपासणी. मॅडमनी यंत्रांसोबत सिलिका जेलची डबी दिली होती आणि आम्ही चौदा महिने श्रद्धेने तीच वापरत होतो. या आठवड्यात एका रात्री यंत्रं न ठेवता, डबीत दाण्यांसोबत आर्द्रतामापक ठेवून झाकण लावलं. खोलीत ८२ टक्के, सकाळी डबीत ७४. म्हणजे ती सुकवणीची डबी नव्हतीच, नुसती डबी होती. दाणे कधीच भरून गेले होते. नारिंगीचे हिरवे झाले की संपले, हे झाकणावर लिहिलेलंही आहे, पण हिरवे दाणे सुंदर दिसतात म्हणून कुणाला शंका आली नाही.

दाणे ताटलीत एका थरात पसरून ओव्हनमध्ये १२० अंशावर दोन तास ठेवले, पुन्हा नारिंगी झाले. आधी ४६ ग्रॅम, नंतर ३७. नऊ ग्रॅम पाणी त्या मुठीएवढ्या दाण्यांत मुरलेलं होतं. पूर्ण गार झाल्यावर, पण लगेच, घट्ट डब्यात भरले. उघडे राहिले तर खोलीतलीच ओल पिऊन बसतात.

दुसऱ्या सकाळी डबीत १९ टक्के. मग मुद्दाम झाकण नीट न फिरवता ठेवून बघितलं, सकाळी ५८. इथे डबी किती महाग यापेक्षा झाकण किती घट्ट हेच महत्त्वाचं, असं माझं मत झालंय. जुनी डबी बाजूला ठेवून रबरी कडीचा काचेचा डबा घेतला. मशीन दाण्यांवर सरळ टेकत नाही, मधे छिद्रांची चकती आहे, नाहीतर दाण्यांची भुकटी माईकमध्ये जाईल.

१५ जून

सेलबद्दल. हे जस्त-हवा जातीचे आहेत. पट्टी काढली की मागच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि त्यातल्या प्राणवायूवर ते चालतात. म्हणूनच सेलचं दार पूर्ण हवाबंद करता येत नाही आणि दमट हवा तिथून आत येतेच. पट्टी काढल्यावर चार-पाच मिनिटं थांबून मग बसवायचा, नाहीतर सुरुवातीलाच जोर कमी मिळतो. पट्टी परत चिकटवून सेल "बंद" ठेवता येत नाही, काढली की त्याचं आयुष्य सुरू.

सेल सुकवणीच्या डब्यात ठेवत नाही. त्याच्या आतला ओलावा हा त्याच्या कामाचा भाग आहे, डबा तोही खेचून घेतो. चार्ज होणाऱ्या यंत्रांना हा प्रश्न नाही, पण ती दाण्यांच्या डब्यात ठेवण्याबद्दल त्या त्या कंपनीची पुस्तिका बघावी लागते, आणि गरम हवेचा सुकवणी डबा तर विचारल्याशिवाय नकोच.

२१ जून

नवी गोष्ट कळली. दोन दिवस वातानुकूलित खोलीत झोपलो. डबा खोलीतच होता. सकाळी डबा उघडून मशीन बाहेरच्या खोलीत आणलं आणि त्याच्या पाठीवर धुकं धरलं, थंड पेल्यावर धरतं तसं.

हिशेब मांडला. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर साधारण २६ अंशांखालच्या कुठल्याही वस्तूवर त्या हवेतलं पाणी जमतं. खोली २३ अंशांवर होती, म्हणजे मशीनही २३ वर. रात्रभर कोरडं केलेलं यंत्र दारातून बाहेर येताच ओलं झालं, आणि जसं वर धुकं, तसंच माईकच्या जाळीत आणि सेलच्या कप्प्यातही.

आता डबा बंदच बाहेर आणायचा, अर्धा तास तसाच राहू द्यायचा, आतलं यंत्र बाहेरच्या उबेवर आलं की उघडायचा. आईला तो अर्धा तास ऐकण्याशिवाय काढावा लागतो, म्हणून आजपासून डबा रात्रीच बाहेरच्या खोलीत.

२७ जून

डावं यंत्र सकाळी बंद. नवा सेल घातला तरी बंद. भिंगाखाली दाराच्या आतल्या धातूच्या पट्टीवर पांढरट-हिरवट थर दिसला. घाम दाराच्या खाचेतून आत उतरलाय, तोही आजचा नव्हे.

मी खरवडायच्या बेतात होते, पण थांबले. पट्टी पातळ असते, वाकली की सेलला टेकत नाही. मॅडमकडे नेलं. त्यांनी त्यांच्या हत्याराने साफ केलं, पाच मिनिटं. मग म्हणाल्या, "ताई, तुम्ही सुकवता छान, पण दार पुसत नाही. सगळ्यात जास्त मीठ तिथेच बसतं." वहीत दाराची खाच लिहिलेली होती. हातून मात्र दार मिटलेलं असतानाच वरवर पुसलं जात होतं. आता दार उघडून कड पुसायची.

यंत्राच्या कागदावर आयपी ६८ लिहिलंय, मग हे कसं, असंही विचारलं. त्यांनी सांगितलं की पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा, आणि ती चाचणी नव्या यंत्राची, ठरावीक वेळ, साध्या पाण्यात होते. मीठ, तेल आणि वर्षभराची झीज त्यात धरलेली नाही. बुडालं तर वाचण्याची शक्यता जास्त, एवढाच त्याचा अर्थ घ्यायचा.

चाकावरचा ठिपकाही करून मिळाला.

५ जुलै

आठवडाभर कापडी खोळ वापरून बघितली. कानामागच्या मशीनवर मोज्यासारखी चढते, घाम टिपते. फिरताना उपयोग नक्की झाला, रात्री कापडावर मिठाचा काही अंश राहत नाही इतकं मशीन कोरडं. पण आईचं म्हणणं, वाऱ्याचा आवाज कमी होतो आणि माणसांचाही थोडा. शिवाय ओली खोळ दिवसभर तशीच ठेवली तर ती मशीनला ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखीच. म्हणून फक्त फिरायला जाताना घालायची, आल्यावर लगेच काढायची. दोन जोड आहेत, एक वाळत असतो.

केसांना तेल किंवा तोंडाला काही लावायचं असेल तर आधी लावून, हात धुऊन, मग यंत्र. माईकच्या जाळीवर तेलाचा थर बसला की ब्रशने निघत नाही.

१२ जुलै

आज डाव्याने शिट्टी मारली. चाक २ वर, ठिपक्यावर. मोल्ड नीट बसलेला, कान गेल्या महिन्यातच तपासलेला. बोटाची परीक्षा घेतली आणि यावेळी उत्तर वेगळं आलं. मोल्डची तोंडं दाबूनही शिट्टी चालूच. नळी काढून हुकाच्या टोकावर बोट ठेवलं, थांबली. म्हणजे गळती नळीतच.

भिंगाने पाहिलं. हुकावर जिथे नळी चढते तिथे केसाएवढी चीर. नळी पिवळट पडलेली, बोटांत दाबली तर मऊ न लागता कागदासारखी कडकडते. उजवी तितकी वाईट नाही, पण तीही पिवळीच. चौदा-पंधरा महिन्यांत एकदाही बदललेल्या नाहीत. सर्वसाधारणपणे तीन ते सहा महिन्यांनी बदलायच्या असतात आणि घाम जास्त असेल तर लवकर. कडक झालेली नळी आकसते, मोल्डला कानातून बाहेर ओढत राहते. मला आता दाट शंका आहे की जूनमधली उजव्या कानाची ती "जुनी, चालून गेलेली" फट हीच होती. वरचं टोक घडीत बसत नव्हतं ते आईच्या हाताचा दोष म्हणून मी लिहिलं. तिला आज सांगितलं. ती म्हणाली, "मी म्हणतच होते, ती नळी मला मागे खेचते." ती म्हणत होती खरंच, आणि मी लिहून घेतलं नव्हतं.

चिरेवर चिकटपट्टी किंवा गोंद लावला नाही. गोंद आत उतरला तर नळीच बंद होते.

१४ जुलै

दोन्ही नळ्या बदलल्या. मॅडमनी जुनी खेचून काढली, नवी तारेने मोल्डमधून ओवली आणि आईच्या कानावर बसवून मग कापली. लांबीत एखाद-दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी मशीन कानामागे एकतर लोंबतं किंवा मोल्ड उचललं जातं, म्हणून हे कानावर मोजूनच करायचं काम. आतून ओलावा कमी धरणारी नळी मिळते का विचारलं. मिळते, किंचित कडक असते, तीच घातली.

पहिल्या संध्याकाळी आईने मोल्ड स्वतः बसवला. वरचं टोक घडीत एका दमात गेलं.

२ ऑगस्ट

चौदा जुलैनंतर शिट्टीच्या नोंदी तीन. एकदा मोबाईल कानाला चिकटवून धरला होता, एकदा उशीवर कान टेकलेला, एकदा मी गळ्यात पडले तेव्हा. तिन्हींत माईकजवळ काहीतरी आडवं आलं आणि निसटलेला आवाज त्यावरून परत फिरला. या दुरुस्त करायच्या नाहीत.

आवाज बसल्याच्या नोंदी दोन, दोन्ही वेळा थेंब सापडला, पंपाने काढला, चाकाला हात लागला नाही. आर्द्रता अजून ८० च्या वर आहे.

काचेचा डबा आज सकाळी ३१ टक्के. दाणे अजून नारिंगी दिसतात, पण कडेचे मळकट झालेत. रंगापेक्षा आकडा आधी सांगतो. उद्या ओव्हनची पाळी. नळी बदलल्याची तारीख डब्याच्या झाकणावर लिहिली आहे, आणि त्याखाली आईने तिच्या अक्षरात १४ ऑक्टोबर.